बेस्ट मॅनचा टोस्ट: शेवटचं वाक्य आधी लिहा

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मुलांवर कधीतरी ही वेळ येते. मित्राचं लग्न ठरतं, तो म्हणतो, ‘बेस्ट मॅन तूच,’ आणि मग कळतं की अंगठ्या सांभाळणं हे काम सोपं आहे, खरी परीक्षा जेवणाच्या हॉलमध्ये उभं राहून बोलण्याची आहे. मी स्वतः एकदा यातून गेलो. त्यानंतर मित्रांची पाच-सहा भाषणं माझ्याकडे ‘जरा बघ ना’ म्हणून आली. जवळपास सगळ्यांत चूक एकच होती: आपण नकळत सत्कार समारंभाचं भाषण लिहितो. सुरुवातीला उपस्थित मान्यवर, मग नवरदेवाचे गुण, मग सर्वांचे आभार आणि शेवटी ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. लोक ग्लास हातात धरून बसलेले असतात आणि टाळ्या वाजवायच्या की प्यायचं, हे कुणालाच समजत नाही.

टोस्ट म्हणजे लोकांना उभं करून ग्लास उंचावायला लावणं. त्याआधीचं सगळं बोलणं तिथवर पोचायचा रस्ता आहे. म्हणून खालच्या पायऱ्या भाषणाच्या क्रमाने नाहीत, लिहिण्याच्या क्रमाने आहेत.

## 1. आधी चार गोष्टी विचारून घ्या

लिहायला बसण्यापूर्वी, म्हणजे लग्नाच्या निदान चार आठवडे आधी, जोडप्याला चार प्रश्न विचारा.

माझ्या आधी कोण बोलणार? इंग्लंडमधला जुना क्रम असा: वधूचे वडील, मग नवरदेव, शेवटी बेस्ट मॅन. परंपरेप्रमाणे नवरदेव आपल्या भाषणाच्या अखेरीस करवल्यांच्या नावाने ग्लास उंचावतो आणि करवल्यांच्या वतीने उत्तर देण्याचं काम बेस्ट मॅनकडे येतं. आता बरीच जोडपी हा क्रम बदलतात, नवरीही बोलते, करवलीही बोलते. तुमच्या आधीच्या माणसाने करवल्यांचा उल्लेखच केला नसेल तर तुमचं ‘त्यांच्या वतीने आभार’ हवेत लटकतं.

भाषणं जेवणाआधी की नंतर? आधी असतील तर लोक भुकेले असतात आणि स्वयंपाकघर घड्याळ बघत असतं, त्यामुळे भाषण आखूड हवं. नंतर असतील तर काही टेबलांवर तिसरी बाटली उघडलेली असते. त्या लोकांना बारीक विनोद पकडता येत नाही.

कुणाचं नाव घ्यायचं नाही? हा प्रश्न मराठी माणूस संकोचाने विचारत नाही आणि फसतो. वेगळे झालेले आईवडील, नुकतंच गेलेलं कुणी, बोलणं बंद असलेला भाऊ, हे आधी माहीत हवं. नवरी आडनाव बदलणार आहे की नाही तेही याच वेळी विचारा.

किती पाहुण्यांना तुमची भाषा कळत नाही? आमच्या वेळी नव्वद पाहुण्यांपैकी पंचवीस मराठी होते. म्हणून मी इंग्रजीत बोललो आणि महिन्याभराने नाशिकच्या रिसेप्शनला तेच मराठीत केलं. पुढे दिलेला मसुदा लग्नातल्या भाषणाचाच आहे, फक्त मराठीत.

इशारा: काका-काकू दारू घेत नसतील तर त्यांच्या टेबलावर ज्यूस किंवा दुसरं काही ठेवायला केटररला आधीच सांगा. टोस्ट कशानेही होतो, पण रिकाम्या हाताने उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये.

## 2. शेवटचं वाक्य लिहा

आता कोऱ्या कागदावर पहिल्यांदा शेवट लिहायचा. त्याचे दोन तुकडे असतात आणि ते वेगळे ठेवायला लागतात.

पहिला तुकडा म्हणजे तुमची ऊबदार ओळ. ती फक्त या दोघांनाच लागू व्हावी. ‘तुमचा संसार सुखाचा होवो’ ही वाईट ओळ नाही, पण ती कुठल्याही हॉलमध्ये चालते. ओळीतून नावं काढून शेजारच्या हॉलमधल्या जोडप्याची घाला. ओळ तरीही बसली, तर ती फाडून टाका.

दुसरा तुकडा म्हणजे सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचे शब्द. हे दोन किंवा तीनच हवेत आणि त्यांत अजिबात कल्पकता नको. नावं, किंवा ‘नवरा-नवरी’. इथे लोक लांबलचक कविता ठेवतात आणि मग नव्वद माणसं नव्वद वेगळ्या गोष्टी पुटपुटतात.

ओळ सुचत नसेल तर स्वतःला विचारा: या दोघांच्या एकत्र येण्याने माझ्या मित्रात काय बदललं, आणि ते मला कुठल्या दिवशी दिसलं? माझा मित्र भयंकर उतावळा. पाच मिनिटं कशासाठी थांबेल तर शपथ. तिच्यामुळे तो थांबायला शिकला. एवढं सापडलं आणि बाकीचं भाषण त्याच्या मागे लागत गेलं.

## 3. एकच प्रसंग निवडा

तुमच्याकडे तीस किस्से असतील. एक ठेवायचा. तो निवडताना मी तीन कसोट्या लावतो.

त्यात नवरी हवी. बहुतेक भाषणं इथे पडतात: हॉस्टेलचे, ट्रेकचे, परीक्षेचे किस्से येतात आणि नवरी शेवटच्या वाक्यात पाहुणीसारखी डोकावते. दोघांची भेट तुम्ही पाहिली नसेल तर जिथे ती तुम्हाला पहिल्यांदा भेटली तो प्रसंग घ्या.

त्यात नवरदेव थोडा फजीत झालेला हवा, पण कमी दर्जाचा माणूस ठरलेला नको. कुकर उडवणं चालेल. कुणाचे पैसे बुडवणं चालणार नाही.

आणि तो दीड मिनिटात सांगता यायला हवा. प्रसंग समजण्यासाठी आधी कॉलेज, घरमालक आणि दोन टोपणनावं समजावून सांगावी लागत असतील, तर तो तुमच्या चार मित्रांपुरता किस्सा आहे. तो रात्री बारवर सांगा.

थांबा आणि तपासा: किस्सा निवडल्यावर तो सलग कुणाला तरी तोंडी सांगा, लिहिण्याआधी. सांगताना ज्या जागी तुम्ही आपोआप ‘म्हणजे काय झालं होतं की’ म्हणता, तिथे माहिती चुकीच्या जागी आली आहे. ती आधी आणा किंवा काढून टाका.

## 4. विनोद प्रसंगाच्या पोटात ठेवा

इंग्रजी लग्नात बेस्ट मॅनने नवरदेवाची टिंगल करायची अपेक्षाच असते. आपल्याकडच्या आईवडिलांना ती ठाऊक नसते. मुलाच्या लग्नात त्याचा जिवलग मित्र उभा राहून त्याची फजिती सांगतो आणि व्याही टाळ्या वाजवतात, हे पाहून एखाद्या आईचा चेहरा पडतो. म्हणून मी लग्नाच्या आदल्या आठवड्यात मित्राच्या आईला फोन करून सांगितलं, ‘काकू, मी त्याची जरा थट्टा करणार आहे, इथे तसंच असतं.’ त्या म्हणाल्या, ‘कर की, मला सांगितलं असतंस तर आणखी मसाला दिला असता.’ मग त्यांनी दिलेला लिफ्टचा मसाला पुढे वापरला आहे.

काय टाळायचं ते थोडक्यात: जुन्या मैत्रिणी, स्टॅग पार्टीत काय घडलं, लग्नाचा खर्च, कुणाचं दिसणं, कुणाचा व्हिसा. ‘आता तुझं स्वातंत्र्य संपलं’ छापाची वाक्यंही नकोत. ती नवरीला अपमानास्पद असतात आणि हॉलमध्ये प्रत्येकाने ती आधी ऐकलेली असतात.

आता एक कारागिरीची गोष्ट, मराठीत बोलणाऱ्यांसाठी खास. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. हसू मात्र त्या शब्दावर फुटतं जो अनपेक्षित असतो. ‘त्याच्या बरोबर वर स्मोक अलार्म होता’ असं म्हटलं की ‘अलार्म’वर उठणारं हसू ‘होता’खाली चेंगरतं. तेच ‘वर होता स्मोक अलार्म’ असं उलटवलं की वाक्य तिथेच थांबतं आणि लोकांना हसायला जागा मिळते. सगळी वाक्यं उलटवू नका, नाटकी वाटेल. तीन-चार पुरतात.

दुसरी गोष्ट दोन भाषांची. म्हण, कोटी, यमक हे ओलांडून जात नाहीत. माझ्याकडे ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही तयार म्हण होती आणि ती इंग्रजीत समजावायला लागलो असतो तर बाशिंग म्हणजे काय इथेच सगळे झोपले असते. मग मी ती म्हटलीच नाही. कशी न म्हणता वापरली ते खाली बघा.

## 5. मसुदा

नावांच्या जागी नवरदेव आणि नवरी ठेवलं आहे. कंसात माझ्या स्वतःसाठीच्या सूचना आहेत.

> नमस्कार. मी नवरदेवाचा मित्र. दोन वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि त्या दोन वर्षांत त्याने मला एकदाही वेळेवर उठवलं नाही. नेहमी उठवलं एक तास आधी.
>
> करवल्यांच्या वतीने नवरदेवाचे आभार. त्याने आत्ता त्यांचं जे कौतुक केलं ते मनापासून होतं. मला माहीत आहे, कारण सकाळी सातपासून ते मी ऐकलंय अकरा वेळा. (थांब)
>
> ज्यांना तो नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. या माणसाला थांबता येत नाही. लिफ्टचं बटण पेटलेलं असलं तरी तो ते पुन्हा दाबतो. या देशात येऊन त्याला नऊ वर्षं झाली. रांगेत उभं राहायला तो शिकला मागच्या मंगळवारी. आमच्या भाषेत अशा नवऱ्यासाठी चार शब्दांची एक म्हण आहे. ती मी इथे सांगणार नाही. पण तिसऱ्या टेबलावरचे काका-काकू आत्ता का हसताहेत ते त्यांना जरूर विचारा. (थांब)
>
> नऊ वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. लीड्समधलं आमचं घर: तीन मजले, आठ भाडेकरू, एक स्वयंपाकघर. रात्री साडेदहाला नवरदेवाने भाताचा कुकर लावला. कुकर हे जड झाकणाचं भांडं असतं आणि त्याचा एकच नियम असतो. शिट्ट्या झाल्या की दहा मिनिटं हात लावायचा नाही. त्याने चौथ्या मिनिटाला काट्याने शिट्टी उचलली. वाफ सरळ वर गेली. आणि वर होता स्मोक अलार्म. (थांब)
>
> दोन मिनिटांत आठही जण पावसात, रस्त्यावर. मी एका पायात चप्पल घालून. आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरची मुलगी, जिच्याशी आम्ही तोवर धड बोललोही नव्हतो, डोक्याला टॉवेल गुंडाळून. सगळे त्याच्याकडे रागाने बघत होते. तिने फक्त विचारलं, ‘किती वेळ थांबायला हवं होतं?’ तो म्हणाला, ‘दहा मिनिटं.’ ती म्हणाली, ‘उद्या मी खाली येते. मी थांबवते तुला.’
>
> आणि ती आली. स्टूल ओढून कुकर आणि त्याच्या मधे बसली. दहा मिनिटं दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून दोघं बोलत बसले. बोलतच बसले. भात गार झाला. मी झोपलो उपाशी. (थांब, मग हळू)
>
> दोन वर्षांनी तिला ॲबर्डीनला नोकरी लागली. लिफ्टसाठी न थांबणारा हा माणूस तिच्यासाठी चौदा महिने थांबला. एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी गाडी पकडून जायचा, आणि गाडी उशिरा आली अशी तक्रार त्याने माझ्याकडे एकदाही केली नाही.
>
> (नवरीकडे बघून) त्याला थांबायला आम्ही कुणीच शिकवू शकलो नाही. तू नुसती शेजारी बसलीस.
>
> मंडळी, ग्लास घ्या आणि उभे राहा. (खुर्च्यांचा आवाज थांबू दे)
>
> तुमच्या घरात वाफ आपली आपण उतरेपर्यंत सोबत बसणारं कुणीतरी कायम असो. नवरा-नवरी!

यात नवरदेवाचा एकही गुण नाव घेऊन सांगितलेला नाही, हे लक्षात घ्या. ‘तो फार निष्ठावान आहे’ असं म्हणायचा मोह मला शुक्रवारच्या गाडीपाशी झाला होता. ते वाक्य लिहिलं, पुन्हा वाचलं आणि काढलं, कारण गाडीच्या तक्रारीने ते आधीच सांगून झालं होतं.

मधला ‘कुकर हे जड झाकणाचं भांडं असतं’ हा खुलासा नाशिकला अर्थातच गाळला. तिथे नुसतं ‘कुकर लावला’ म्हटल्याबरोबर बायका हसायला लागल्या. त्यांना पुढचं दिसत होतं. म्हणही तिथे सरळ म्हटली.

तपासा: लिहून झालेल्या भाषणात शेवटच्या ओळीतला मुख्य शब्द शोधा, माझ्या बाबतीत वाफ. तो आधी कुठेतरी सहज आलेला हवा. नसेल तर शेवट बाहेरून चिकटवलेला आहे आणि लोकांना ते जाणवतं.

## 6. कात्री आणि दोन वाचक

मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. वरचा मसुदा मी संथ वाचला तेव्हा तीन मिनिटांच्या आसपास लागला, प्रत्यक्षात हसण्याच्या जागा धरून चार-साडेचार. इंग्लंडमध्ये पाच ते सात मिनिटं चालतात. अमेरिकेत याहून आखूड भाषण चांगलं मानतात. घरी सात मिनिटं लागत असतील तर हॉलमध्ये दहा लागतील, त्यामुळे कापायला लागा. कापताना आधी सुरुवात कापा, प्रसंग नाही. तीनपैकी एक सुरुवातीचा विनोद जवळपास नेहमीच फालतू असतो.

मग दोन माणसांना ऐकवा. एक नवरदेवाला ओळखणारा, तो चुकीचे तपशील पकडेल. दुसरी व्यक्ती नवरीच्या बाजूची, नवरदेवाला फारशी न ओळखणारी. मी एका करवलीला ऐकवलं. माझ्या पहिल्या मसुद्यात नवरी टॉवेल गुंडाळून ‘भुतासारखी’ उभी होती. करवली नुसती म्हणाली, ‘तिच्या आजी पहिल्या टेबलावर आहेत.’ भूत गेलं.

नवरदेवाला ऐकवू नका. त्याचं पहिलं हसू हॉलमध्ये हवं.

इशारा: दीड मिनिटाची छोटी आवृत्तीही तयार ठेवा. आधीचे वक्ते लांबले आणि जेवण थांबलं की कुणीतरी येऊन कानात सांगतं, ‘जरा आटपतं घ्या.’ अशा वेळी लोक भराभर वाचतात आणि सगळंच वाया जातं. माझी छोटी आवृत्ती ‘नऊ वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर’पासून सुरू होत होती आणि ॲबर्डीन गाळून थेट शेवटावर जात होती.

## 7. हॉलमध्ये

मोबाइलवरून वाचू नका. स्क्रीन मधेच बंद होते, वरून मेसेज येतात, आणि फोटोत तुम्ही लग्नाला येऊन व्हॉट्सॲप बघताय असं दिसतं. तळहाताएवढी पाच-सहा कार्डं घ्या, एका बाजूला मोठ्या अक्षरात लिहा, क्रमांक घाला आणि कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्याने बांधा. माझ्या एका मित्राची कार्डं हातातून पडली आणि त्याने चौथं कार्ड दुसऱ्या आधी वाचलं. कथेत नवरी भेटण्याआधीच त्याने तिच्यासाठी नोकरी सोडली.

पहिलं आणि शेवटचं कार्ड पाठ करा. सुरुवात लोकांच्या डोळ्यांत बघून व्हायला हवी आणि शेवट जोडप्याकडे बघून. मधलं वाचलं तरी कुणी काही म्हणत नाही.

माइक हनुवटीच्या उंचीवर, तोंडापासून मुठीएवढ्या अंतरावर धरा. त्याच्या जाळीला मूठ लावू नका आणि स्पीकरच्या पुढ्यात जाऊ नका, शिट्टी वाजते. (कुकरच्या गोष्टीत तीही खपून जाईल, पण एकदाच.)

हसू आलं की थांबा. ते ओसरायला लागलं की पुढचं वाक्य, पूर्ण शांत व्हायची वाट पाहू नका. एखाद्या ठिकाणी कुणीच हसलं नाही तर ‘हा विनोद होता’ असं म्हणू नका. वाक्य माहिती म्हणून सांगितलं होतं असा चेहरा करून पुढे जा.

उठण्याआधी टेबलांकडे एक नजर टाका: ग्लास भरलेले आहेत का? नसतील तर वाढणाऱ्यांना खूण करा आणि दोन मिनिटं उशिरा उठा. तुमचाही ग्लास हाताशी हवा. पाण्याचा वेगळा. टोस्टआधी वाइनचा एकच घोट, तोही हवा असेल तर.

आता शेवटची जागा, जिथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. ‘उभे राहा’ म्हटलं की नव्वद खुर्च्या एकदम घासतात. कुणाचा रुमाल पडतो, आजीला हात द्यावा लागतो. आठ-दहा सेकंद जातात. त्या गोंधळात ऊबदार ओळ म्हटली की ती कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून आधी उभं करायचं, मग गप्प राहायचं, आणि शांतता झाली की ओळ. त्यानंतर ग्लास वर, नावं मोठ्याने आणि वरच्या स्वरात, म्हणजे लोकांना कळतं की आता आपण म्हणायचं.

ज्यांच्या नावाने टोस्ट आहे ते बसूनच राहतात आणि त्या घोटाला स्वतः पीत नाहीत. हे मराठी नवरदेवाला आधी सांगून ठेवा, नाहीतर आपल्या सवयीने तो सगळ्यांबरोबर उठून उभा राहतो आणि स्वतःच्याच नावाने ग्लास उंचावतो. आमचा उठला होता. नवरीने कोट धरून खाली बसवला.

लोकांनी घोट घेतला की माइक बंद करून द्या आणि बसा. ‘आणि हो, एक सांगायचं राहिलं’ असं काही आठवलंच, तर ते उद्या सांगा.